स्वस्त तूप, स्वस्त मध, स्वस्त केशर: किंमत पाहून भेसळ ओळखता येते का?

दसरा-दिवाळी जवळ आली की दवाखान्यात औषधांच्या प्रश्नांबरोबर एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, प्रदर्शनात लिटरभर तूप ३८० रुपयांना मिळालं. खरं असेल का हो?" विचारणारे बहुतेक वेळा घरातल्या हृदयरुग्णासाठी, बाळंतिणीसाठी किंवा नातवासाठी तूप घेत असतात. या प्रश्नाला "स्वस्त म्हणजे भेसळ" असं उत्तर देणं सोपं आहे. पण ते अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या उत्तराने दोन्हीकडून फसायला होतं. म्हणून हा हिशेब नीट मांडतो. मुख्य उदाहरण तुपाचं घेतो, कारण किमतीवरून सर्वांत जास्त तुपाबद्दल कळतं. मध आणि केशराची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती नंतर पाहू.

तुपाच्या किमतीचा मुद्दा देशभर चर्चेत आला तो तिरुपतीच्या लाडवांमुळे. २०२४च्या सप्टेंबरमध्ये आंध्र प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी प्रसादाच्या तुपात प्राण्यांची चरबी असल्याचा आरोप केला. त्याआधी जुलैमध्ये त्या तुपाचे नमुने गुजरातमधल्या आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रयोगशाळेत तपासले गेले होते आणि त्यात दुधाबाहेरची स्निग्धद्रव्यं असावीत असा निष्कर्ष आला होता. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमलं आणि फेब्रुवारी २०२५मध्ये पुरवठ्याशी संबंधित काही जणांना अटक झाली. कोण दोषी आणि नेमकं काय मिसळलं, हे न्यायालय ठरवेल. आपल्या कामाची गोष्ट दुसरी आहे. ते तूप किलोमागे साधारण ३२० रुपये दराने घेतलं जात होतं. कर्नाटकच्या सहकारी दूध महासंघाने २०२३मध्येच, हा दर आपल्याला परवडत नाही, असं जाहीरपणे सांगून पुरवठ्यातून अंग काढून घेतलं होतं. म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालाच्या जवळजवळ वर्षभर आधी किंमत काहीतरी सांगत होती. ती काय सांगत होती, हे घरबसल्या कसं वाचायचं?

एक किलो तुपामागचं दूध

तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ दुधातला स्निग्धांश, ज्याला दूध घालणारा शेतकरी "फॅट" म्हणतो. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या गुणवत्तेला जाहीर होतो. असं १०० लिटर दूध घेतलं तर त्यातून साडेतीन किलोच्या आसपास तूप निघतं. एका किलोला साधारण २८ लिटर दूध. म्हशीच्या दुधात फॅट जवळपास दुप्पट असतं, त्यामुळे तिथे १५-१६ लिटर पुरतं, पण त्या दुधाचा दरही त्या प्रमाणात चढा असतो.

आता मोबाइलवर फिरणारा एक हिशेब तुम्ही पाहिला असेल: २८ लिटर गुणिले ३५ रुपये, म्हणजे ९८० रुपये, म्हणून दुकानातलं ६५० रुपयांचं तूप खोटं. हा हिशेब चुकीचा आहे. डेअरी मलई काढून उरलेलं दूध गटारात ओतत नाही. त्याची पावडर करते आणि विकते. दुधाच्या किमतीतला मोठा वाटा त्या पावडरीतून परत मिळतो.

म्हणून हिशेब असा करायचा. समजा, डेअरी शेतकऱ्याला लिटरला ३५ रुपये देते. १०० लिटरचे ३,५०० झाले. संकलन, थंड करणं, मलई काढणं, पावडर वाळवणं यासाठी लिटरला ३ रुपये धरा, म्हणजे आणखी ३००. एकूण ३,८००. उरलेल्या दुधातून साधारण ९ किलो पावडर निघते. ती २२५ रुपये किलोने गेली तर २,०२५ रुपये परत आले. राहिले १,७७५. ते साडेतीन किलो तुपावर वाटले की एक किलो तुपाचा कारखान्यातला खर्च सुमारे ५०७ रुपये येतो. त्यावर डबा, वाहतूक, विक्रेत्याचा नफा आणि ५ टक्के जीएसटी चढला की दुकानात किलोला सहाशेच्या पुढची किंमत होते. ओळखीच्या डेअऱ्यांच्या तुपाच्या किमती याच्याच आसपास किंवा वर असतात, तो योगायोग नाही.

यातले दर मी उदाहरणासाठी धरले आहेत. ते बदलतात, आणि कसे बदलतात हे कळलं की हिशेब तुमच्या हातात येतो. दुधाचा दर एका रुपयाने उतरला की तुपाचा खर्च किलोमागे २८-२९ रुपयांनी उतरतो. पावडर १० रुपयांनी स्वस्त झाली की मात्र तुपाचा खर्च २५-२६ रुपयांनी वाढतो, कारण परत येणारे पैसे कमी झाले. या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकत्र घडतात. २०२४मध्ये महाराष्ट्रात गाईच्या दुधाचे दर इतके पडले की सरकारला आधी लिटरमागे ५ आणि मग ७ रुपये अनुदान द्यावं लागलं. दर पडण्याचं एक मोठं कारण पावडरीला उठाव नसणं हेच होतं. दूध २८ रुपये आणि पावडर २०० रुपये धरून वरचा हिशेब पुन्हा केला, तर तुपाचा खर्च ३७० रुपयांच्या आसपास येतो. म्हणजे दुधाची मंदी असतानाही खर्च तीनशेच्या खाली सहज जात नाही.

आता तिरुपतीच्या ३२० रुपयांकडे पुन्हा पाहा. त्यात वाहतूक आली, चाचण्या आल्या, पुरवठादाराचा नफा आला. इतक्या कमी दरात शुद्ध तूप देणं अशक्यच होतं असं केवळ आकड्यांवरून छातीठोक म्हणता येणार नाही. एखाद्याकडे जुनं लोणी स्वस्तात पडून असू शकतं. पण महिनोन्महिने, टँकरमागून टँकर तोट्यात विकणारा व्यापारी मी तरी पाहिलेला नाही. एखाद-दुसरा सौदा स्वस्त असणं समजू शकतं, पण कायमचा स्वस्त पुरवठा स्पष्टीकरण मागतो. देवस्थानाने नंतर कर्नाटकच्या महासंघाकडून तूप घेतलं तेव्हा दर ४७५ रुपयांच्या घरात होता.

प्रदर्शनातली ३८० रुपयांची बरणी

हाच हिशेब आता उलटा लावू. सुरुवातीला सांगितलेली बरणी लिटरची आहे, किलोची नाही. हे आधी पाहायचं. एक लिटर तुपाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे ३८० रुपये लिटर हा किलोला ४१८ रुपये झाला. त्यातून ५ टक्के जीएसटी वजा केला की उरतात ३९८. विक्रेत्याचे १५ टक्के धरले तर ३४६. बरणी आणि वाहतुकीचे २५ काढले की कारखान्याच्या हाती ३२१ रुपये उरतात.

हे तूप खरं असायला दूध कोणत्या दराने घेतलेलं असावं? वरचे बाकी आकडे तेच ठेवले तर उत्तर येतं साडेअठ्ठावीस रुपये लिटर. आता गावाकडे दूध घालणारा भाऊ, मामा, मित्र कुणीतरी असेलच. त्याला फोन करून विचारा, "सध्या डेअरी ३.५ फॅटला काय देते?" तो म्हणाला पस्तीस, तर त्या बरणीतलं तूप परवडूच शकत नाही. तो म्हणाला अठ्ठावीस, तर बरणीला संशयाचा फायदा द्यायला थोडी जागा आहे. मला माहीत असलेल्या सगळ्या घरगुती चाचण्यांपेक्षा हा फोन जास्त उपयोगी आहे.

आणि मधली तफावत कशाने भरली जाते? पामतेल किंवा वनस्पती तूप घाऊक बाजारात १४० रुपये किलोच्या आसपास धरा. ५०७ रुपयांचं तूप आणि १४० रुपयांचं पामतेल निम्मं-निम्मं मिसळलं की किलोचा खर्च ३२३ रुपये होतो. बरणीच्या किमतीत नेमकं बसतं. वर थोडा वास आणि थोडा पिवळा रंग घातला की जिभेला फरक कळणं अवघड होतं, कारण निम्मं तूप खरंच असतं.

स्वस्त असूनही प्रामाणिक असलेलं तूपही बाजारात असतं, हे विसरू नका. मुदत संपत आलेला माल, नव्या ब्रँडची महिनाभराची सूट, ऑनलाइन दुकानाने स्वतःच्या खिशातून दिलेली सवलत. अशा वेळी छापील कमाल किंमत पाहा. छापील किंमत ६५० आणि आज ५२० ला, ही सूट आहे. छापील किंमतच ३८० असेल तर तो मालाचा भाव आहे. आणखी एक प्रकार म्हणजे "पूजेचं तूप" किंवा "दिव्याचं तूप". ते किलोला दीडशे-दोनशे रुपयांनाही मिळतं, कारण ते तूप नसतंच आणि डब्यावर बारीक अक्षरात "खाण्यासाठी नाही" असं लिहिलेलं असतं. हा डबा देवघरातून स्वयंपाकघरात येतो आणि आजीच्या भातावर पडतो. अशा डब्यांचं लेबल चष्मा लावून वाचा.

महाग म्हणजे शुद्ध, असंही नाही

किमतीची गंमत ही की ती एकाच दिशेने बोलते. खर्चाखालची किंमत भेसळीचा संशय पक्का करते. खर्चावरची किंमत मात्र शुद्धतेची काहीच हमी देत नाही. भेसळ करणाऱ्याला महाग विकायला कुणी अडवलेलं नाही, उलट त्यात त्याचा नफा जास्त.

शिवाय दावा जितका मोठा, तितका खर्चही मोठा हवा. "देशी गाईचं, दही घुसळून काढलेलं तूप" असं लेबल असेल तर पावडरीचा हिशेब लागू होत नाही. दह्याचं लोणी काढल्यावर हाती उरतं ते ताक, आणि ताकाला भाव तो किती? देशी गाईच्या दुधात फॅट साडेचारच्या आसपास धरलं तर किलोला २२-२३ लिटर दूध लागतं. ते ६० रुपयांनी घेतलं तर नुसतं दूधच १,३५० रुपयांचं होतं. म्हणून असं लेबल लावलेलं तूप ७०० रुपयांना मिळत असेल तर ते मला डेअरीच्या ६३० रुपयांच्या साध्या तुपापेक्षा जास्त संशयास्पद वाटतं. लोक नेमकं उलटं समजतात. निदान लेबलवरचा दावा तरी तिथे खोटा असतो.

मध: इथे किंमत फार कमी सांगते

मधाला तुपासारखा पक्का खर्च नाही. मधमाशीला दुधासारखा दर द्यावा लागत नाही. उत्तर भारतात मोहरीच्या हंगामात पेट्या ठेवणाऱ्या मधपाळांकडून मध ठोकमध्ये खरोखर स्वस्त मिळतो, तर महाबळेश्वरच्या जंगलातला सातेरी माशीचा मध थोडाच निघतो आणि महाग पडतो. दोन्ही शुद्ध. त्यामुळे "दोनशे रुपयांचा मध खोटा" असं सरसकट म्हणता येत नाही. हां, "महाबळेश्वरचा जंगली मध" असं लिहून तो मोहरीच्या भावात मिळत असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा.

दुसऱ्या बाजूने मिसळायचा माल इतका स्वस्त आहे की मोह प्रचंड. युरोपीय आयोगाने २०२३मध्ये आयात मधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयात मधाची सरासरी किंमत किलोला २.१७ युरो होती, तर तांदळापासून केलेल्या साखरेच्या पाकाची ०.४० ते ०.६०. तपासलेल्या ३२० नमुन्यांपैकी १४७ संशयास्पद निघाले. आपल्याकडे २०२०च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचा मध जर्मनीतल्या प्रयोगशाळेतून तपासून घेतला. १० ब्रँड त्या प्रगत चाचणीत नापास ठरले, आणि त्यात घरोघरी माहीत असलेली, अजिबात स्वस्त नसलेली नावं होती. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. पण एक गोष्ट त्यातून दिसली: उसाची किंवा मक्याची साखर पकडणाऱ्या नेहमीच्या चाचण्या चुकवतील असे पाक बाजारात आले आहेत. जिथे प्रयोगशाळेची एक चाचणी चुकते, तिथे पाण्यात थेंब टाकणं, कापसाची वात मधात बुडवून पेटवणं, मुंगी येते का पाहणं यांचा काय निभाव लागणार? घट्ट पाकही पाण्यात तळाशीच बसतो. उलट थंडीत मध रवाळ झाला म्हणून लोक चांगला मध फेकून देतात. मोहरीचा मध तर हमखास गोठतो.

केशर: इथे किंमत पुरेशी आहे

केशराचं उत्तर सर्वांत सोपं. एका फुलात तीनच तंतू असतात. एक ग्रॅम सुक्या केशराला साधारण १५० ते १७० फुलं लागतात. ती पहाटे हाताने तोडायची, तंतू हातानेच वेगळे करायचे. ५० रुपयांना ग्रॅमची डबी मिळाली तर एका फुलाला ३० पैसे आले. त्यातच शेत, तोडणी, निवडणी, वाळवणी, डबी, दुकानदार. हे जुळतच नाही. चांगलं केशर ग्रॅमला काहीशे रुपयांच्या खाली मिळणं कठीण आहे.

स्वस्त डबीत बहुधा रंगवलेल्या करडईच्या पाकळ्या किंवा मक्याच्या कणसाचे केस असतात. इथे मात्र घरची एक चाचणी बऱ्यापैकी चालते. थंड पाण्यात दोन तंतू टाका. खरं केशर हळूहळू, दहा-पंधरा मिनिटांत सोनेरी पिवळा रंग सोडतं आणि तंतू लालच राहतो. पाणी लगेच लालभडक झालं आणि तंतू फिका पडला, तर तो रंग आहे. खऱ्या केशरात रंगवलेले तंतू मिसळले असतील तर मात्र दोन तंतूंवरून कळणार नाही. आठ-दहा घ्या.

तुमच्या प्रकृतीला यातलं काय लागू होतं

भेसळीचं तूप खाऊन दुसऱ्या दिवशी काही होत नाही. पोट बिघडलं म्हणून तुपावर आळ घेऊ नका, आणि काही झालं नाही म्हणून ते शुद्ध होतं असंही समजू नका. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत "तुम्ही भेसळीचं तूप खाल्लंत" असं कळत नाही. नुकसान सावकाश होतं. पूर्वी वनस्पती तुपातली मोठी भीती ट्रान्स फॅटची होती. जानेवारी २०२२पासून तेलं आणि चरबीयुक्त पदार्थांमध्ये त्याची मर्यादा २ टक्के आहे. पण जो माल मुळात चोरून मिसळला जातो, तो ही मर्यादा पाळून केलेला असेल असं धरून चालता येत नाही.

आता नावडता भाग. शुद्ध तुपातही निम्म्याहून जास्त, साधारण ६० टक्के, संपृक्त चरबी असते. पामतेलात ती सुमारे ५० टक्के. ज्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढलेलं आहे किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांच्यासाठी तूप किती खाल्लं हा प्रश्न ते किती शुद्ध होतं याच्या आधी येतो. "पण डॉक्टर, आमचं तूप घरचं आहे" हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. घरच्या तुपाचे चार चमचे हे चार चमचेच असतात. एका छोट्या चमच्यात साधारण ४५ कॅलरी. अनेक घरांत भेसळीचा प्रश्न प्रकृतीचा नसून श्रद्धेचा असतो, विशेषतः चरबीचा संशय असेल तेव्हा. ती चिंता खरी आहे आणि तिला कोलेस्टेरॉलच्या आकड्यांनी उत्तर देता येत नाही.

मधाबाबत मधुमेहींनी लक्षात ठेवायचं ते हे: शुद्ध मधही साखरच आहे आणि भेसळीचा पाकही. दोन्हींनी रक्तातली साखर वाढते. "मध शुद्ध आहे, म्हणून चालतो" असं होत नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, मग तो स्वतःच्या शेतातल्या पेटीतला का असेना. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. शुद्धतेचा आणि याचा काही संबंध नाही.

केशराच्या स्वस्त डब्या गरोदरपणात सर्वांत जास्त विकल्या जातात. केशराने बाळ गोरं होत नाही. दुधात दोन काड्या आवडतात म्हणून घाला, पण सासूबाईंच्या आग्रहाखातर नऊ महिने कुठलातरी अनोळखी रंग पोटात घालू नका. त्यापेक्षा नुसतं दूध बरं.

संशय आला तर

आधी पाकिटावरचा १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक पाहा आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो खरा आहे का, कुणाच्या नावावर आहे, हे तपासा. क्रमांक खरा असणं म्हणजे माल शुद्ध असणं नव्हे. पण तो खोटा असेल तर पुढचा विचारच नको. आयोडीनचा थेंब टाकून तुपातला स्टार्च कळतो, पण पामतेल मिसळलेल्या तुपात स्टार्च नसतोच, त्यामुळे ती चाचणी पास झाली म्हणून निश्चिंत होऊ नका. वनस्पती तुपात कायद्याने तिळाचं तेल मिसळावं लागतं, ते अशासाठीच की प्रयोगशाळेत आम्ल घालून लाल रंग आला की भेसळ पकडता यावी. ज्याने थेट पामतेल वापरलं तो या सापळ्यातूनही निसटतो. तिथे दुधाच्या स्निग्धांशाची घडणच मोजणारी चाचणी लागते. आणंदच्या प्रयोगशाळेने तीच केली होती. तिलाही मर्यादा आहेत. गाईच्या चाऱ्यात तेलपेंड जास्त असेल किंवा तिची उपासमार झाली असेल, तरी आकडे इकडे-तिकडे होऊ शकतात, आणि त्या अहवालातही तसं नमूद होतं.

तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं कार्यालय असतं. बिल, फोटो आणि न उघडलेलं एखादं पाकीट जपून ठेवा. उघडलेल्या बरणीवर विक्रेता "तुम्हीच काहीतरी घातलं" म्हणायला मोकळा असतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साध्या ग्राहकालाही शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो, आणि माल नियमात बसत नाही असं निघालं तर ते शुल्क परत मागता येतं. एकच अट जरा गमतीची आहे: हा माल मी तपासायला देणार आहे, असं खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. ३८० रुपयांची ती बरणी हातात घेऊन एवढं एक वाक्य बोलून पाहा. विक्रेता बरणी देतो की परत मागतो, हेही काही कमी सांगत नाही.